एकच सर्किट, सात दिवस

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाला इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखा घेतलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षात नेटवर्क थिअरी गाठते. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत विषयाचं नाव शाखेप्रमाणे थोडं बदलतं, पण आत माल तोच: लूप, नोड, थेव्हेनिन, नॉर्टन, रेझोनन्स आणि टू-पोर्ट. पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास, पास व्हायला २८. पहिल्या प्रश्नात दोन-दोन गुणांचे पाच उपप्रश्न, पुढच्या तीन प्रश्नांत चार-चार गुणांचे प्रत्येकी तीन आणि शेवटच्या दोन प्रश्नांत सहा-सहा गुणांचे प्रत्येकी दोन. प्रत्येक ठिकाणी एखादा-दुसरा उपप्रश्न सोडायची मुभा असते. म्हणजे साठ गुण चार आणि सहा गुणांच्या उत्तरांवर अवलंबून, आणि त्यातला मोठा वाटा न्यूमेरिकलचा.

प्रॅक्टिकल, सबमिशन, टर्मवर्कच्या सह्या आटोपून लेखी परीक्षेला चार आठवडे उरले की बहुतेक मुलं पहिलं प्रकरण उघडतात आणि क्रमाने पुढे सरकतात. थिअरमची विधानं पाठ होतात, पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचली जातात, वाचताना सगळं पटतंही. मग पेपरात न पाहिलेलं सर्किट समोर येतं आणि पहिल्याच लूपमध्ये बॅटरीचं चिन्ह अधिक घ्यायचं की उणे, इथेच पेन थांबतं. या विषयाचा अभ्यास प्रकरणांच्या क्रमाने केला, की मेश, नोड, सुपरपोझिशन, थेव्हेनिन हे चार वेगळे धडे वाटू लागतात. प्रत्यक्षात त्या एकाच सर्किटकडे जाण्याच्या चार वाटा आहेत, आणि उजळणीला त्याचाच फायदा उठवता येतो. म्हणून इथे मांडलेल्या योजनेत पहिल्या आठवड्याला नवीन काहीच नाही. फक्त एक सर्किट आहे.

ते असं. वर एक बिंदू, त्याला A म्हणू. खाली एक सरळ तार. दोघांच्या मधे तीन उभ्या फांद्या. डाव्या फांदीत २८ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याशी सिरीजमध्ये ४ ओहम. मधल्या फांदीत नुसता ८ ओहमचा रेझिस्टर. उजव्या फांदीत १० व्होल्टची बॅटरी आणि ६ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं वरच्या बाजूला. प्रश्न नेहमीचा: ८ ओहममधून किती करंट जातो?

पहिल्या दिवशी मेश. दोन्ही लूपचे करंट घड्याळाच्या दिशेने धरायचे. ही सवय एकदा लागली की मोडायची नाही. डाव्या लूपचं समीकरण येतं `12·I1 − 8·I2 = 28`. उजव्या लूपमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरताना १० व्होल्टच्या बॅटरीत आपण धन टोकातून शिरतो, म्हणून ती आपल्या विरोधात जाते आणि समीकरण होतं `8·I1 − 14·I2 = 10`. सोडवलं की I1 येतो ३ अँपिअर, I2 येतो १ अँपिअर. मधल्या फांदीत दोघांची वजाबाकी, म्हणजे २ अँपिअर.

उत्तर आलं की वही मिटायचा मोह होतो. पण इथे एक गोष्ट डोळ्यांत भरायला हवी. उजव्या फांदीतला १ अँपिअर वरून खाली जातोय, बॅटरीच्या धन टोकात शिरतोय. म्हणजे ही बॅटरी करंट देत नाही, घेते आहे. ती चार्ज होते आहे. बॅटरी म्हटली की ती करंट देणारच असं अनेक मुलं गृहीत धरतात आणि बरोबर आलेलं चिन्ह ‘सुधारून’ चुकीचं करतात.

तसं केलं तर काय होतं, तेही त्याच दिवशी मुद्दाम करून पाहावं. उजव्या समीकरणात १० ऐवजी उणे १० लिहिलं, तर करंट येतात ४.५४ आणि ३.३१ अँपिअर. आकडे दिसायला काही वावगे नाहीत. दोन दशांशांपर्यंत उत्तर आलं म्हणून संशय घ्यावा, तर बोर्डाच्या पेपरातली निम्मी उत्तरं अशीच येतात. चूक पकडायची खूण वेगळी आहे. A बिंदूचं व्होल्टेज तिन्ही फांद्यांवरून काढायचं. डावीकडून: २८ मधून ४.५४ गुणिले ४ वजा केले की ९.८५ व्होल्ट. मधून: १.२३ गुणिले ८, तेही ९.८५. उजवीकडून मात्र १० अधिक ३.३१ गुणिले ६, म्हणजे २९.८५. एका बिंदूला दोन व्होल्टेज असू शकत नाहीत. शिवाय डावी आणि मधली फांदी जुळतेय, उजवी नाही. तेव्हा चूक दुसऱ्या लूपच्या समीकरणातच आहे, पहिलं पुन्हा तपासायची गरज नाही. हा पडताळा मिनिटभराचा आहे आणि परीक्षेच्या हॉलमध्ये चार गुण वाचवू शकतो.

दुसऱ्या दिवशी तेच सर्किट नोड पद्धतीने. A बिंदूतून बाहेर जाणारे तिन्ही करंट मिळवून शून्य:

`(V − 28)/4 + (V − 10)/6 + V/8 = 0`

२४ ने गुणलं की `13·V = 208`, म्हणून V म्हणजे १६ व्होल्ट. आठने भागलं, २ अँपिअर. मेशला दोन समीकरणं लागली, इथे एकात काम झालं. पेपरात पद्धत दिली नसेल तर हेच पाहायचं: लूप जास्त आणि बिंदू कमी असतील तर नोड, उलट असेल तर मेश. पद्धत नाव घेऊन विचारली असेल तर मात्र तीच वापरायची; दुसऱ्या वाटेने आणलेल्या बरोबर उत्तरालाही गुण कापले जाऊ शकतात.

पॉवरचा हिशेबही याच दिवशी उरकून घ्यावा. २८ व्होल्टची बॅटरी ३ अँपिअर देते, म्हणजे ८४ वॅट. ४ ओहममध्ये जातात ३६, ८ ओहममध्ये ३२, ६ ओहममध्ये ६ आणि चार्ज होणारी बॅटरी घेते १०. बेरीज ८४. एक वॅटही इकडेतिकडे नाही.

तिसरा दिवस सुपरपोझिशनचा. एका वेळी एकच बॅटरी ठेवायची, दुसरीच्या जागी तार जोडायची. तिचा ६ किंवा ४ ओहम मात्र जागच्या जागी राहतो. घाईत बॅटरीबरोबर तो रेझिस्टरही पुसला जातो, ही या थिअरममधली सगळ्यात सामान्य चूक. करंट सोर्स असेल तर त्याच्या जागी तार नाही, तुटलेली वाट. आपल्या सर्किटमध्ये एकट्या २८ व्होल्टमुळे A ला १२.९२ व्होल्ट मिळतात, एकट्या १० मुळे ३.०८. बेरीज १६. करंट अनुक्रमे १.६१५ आणि ०.३८५, बेरीज २. आता याच दोन करंटवरून ८ ओहमची पॉवर वेगवेगळी काढून मिळवली तर येतात जेमतेम २२ वॅट, आणि खरी पॉवर तर ३२. सुपरपोझिशन पॉवरला का लागू होत नाही, हे दोन गुणांना विचारलं जातं. पॉवर करंटच्या वर्गावर चालते आणि बेरजेचा वर्ग हा वर्गांची बेरीज नसतो, हे एक वाक्य आणि हे दोन आकडे एवढं उत्तर पुरतं.

चौथ्या दिवशी थेव्हेनिन. लिआँ शार्ल थेव्हेनिन हा फ्रान्सच्या टेलिग्राफ खात्यातला इंजिनीअर; त्याने हे थिअरम १८८३ मध्ये मांडलं, आणि तीच कल्पना जर्मनीत हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच लिहून ठेवली होती. कितीही गुंतागुंतीचं जाळं असलं, तरी दोन टोकांकडून पाहिलं तर ते एक बॅटरी आणि एक रेझिस्टर एवढंच दिसतं. ८ ओहम काढून टाकला की उरतो एकच लूप, त्यात `(28 − 10)/10`, म्हणजे १.८ अँपिअर. मोकळ्या टोकांवरचं व्होल्टेज `28 − 1.8×4`, म्हणजे २०.८. उजवीकडून पडताळा: `10 + 1.8×6`, तेही २०.८. दोन्ही बॅटऱ्यांच्या जागी तार ठेवून पाहिलं की ४ आणि ६ पॅरलल, २.४ ओहम. ८ ओहम परत जोडला: २०.८ भागिले १०.४, म्हणजे २ अँपिअर. चार दिवस, चार वाटा, एकच उत्तर.

नॉर्टन यानंतर पाच मिनिटांचा. बेल लॅब्समधल्या एडवर्ड नॉर्टनने हा प्रकार १९२६ मध्ये एका अंतर्गत टिपणात लिहिला, आणि त्याच वर्षी जर्मनीत हान्स मायरनेही तो प्रसिद्ध केला. टोकं शॉर्ट केली तर ७ आणि १.६७ मिळून ८.६७ अँपिअर, २०.८ भागिले २.४ केलं तरी तेच येतं. मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफरही इथेच सुटतं. लोड ८ ऐवजी २.४ ओहम ठेवला तर पॉवर ३२ वरून ४५ वॅटवर जाते. आठवड्यातले उरलेले तीन दिवस जुन्या पेपरांतल्या याच जातीच्या सर्किटना द्यावेत, पण प्रत्येक किमान दोन पद्धतींनी सोडवून. मंडळाच्या संकेतस्थळावर जुने पेपर आणि त्यांची मॉडेल आन्सर्स दोन्ही मिळतात.

मॉडेल आन्सर पाहताना शेवटच्या आकड्यापेक्षा पहिलं पान नीट वाचावं. तिथे परीक्षकांसाठी सूचना छापलेल्या असतात, आणि न्यूमेरिकलला पायरीप्रमाणे गुण देता येतात, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं. आकृतीतल्या मुख्य घटकांनाही श्रेय द्यावं, अशीही सूचना असते. थेव्हेनिनच्या उत्तरात लोड काढलेली आकृती, रेझिस्टन्स काढण्यासाठीची आकृती आणि शेवटची छोटी आकृती, अशा तीन आकृत्या न काढता थेट आकडे मांडणारा हुशार मुलगा त्यामुळेच मार खातो. त्याचं उत्तर चुकलं तर त्याच्याकडे गुण द्यायला पायरीच उरत नाही.

दुसऱ्या आठवड्याची सुरुवात स्टार-डेल्टाने करावी, कारण ते एका दिवसात हातात बसतं. हे रूपांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध करणारा आर्थर केनेली जन्माने मुंबईकर, कुलाब्याचा, १८६१ सालचा. पुढे तो एडिसनच्या प्रयोगशाळेत आणि नंतर हार्वर्डला गेला. डेल्टाचे रेझिस्टर A-B मध्ये १०, B-C मध्ये २० आणि C-A मध्ये ३० ओहम असतील, तर स्टारमध्ये A ला मिळतो १० गुणिले ३० भागिले बेरीज ६०, म्हणजे ५ ओहम. त्याच रीतीने B ला ३.३३ आणि C ला १०. सूत्र पाठ आहे का, यापेक्षा ते कुठल्या टोकाला लावायचं, इथे गोंधळ होतो. उपाय साधा आहे: टोकाला लागून असलेले दोन डेल्टा-रेझिस्टर गुणायचे. पडताळ्याला A-B मधला एकूण रेझिस्टन्स दोन्ही आकृत्यांतून काढावा. स्टारमधून ८.३३, डेल्टामधून १० पॅरलल ५०, तेही ८.३३.

त्यानंतर एसी. इथे खरा शत्रू कॅल्क्युलेटर. बोर्ड नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरला परवानगी देतं, आणि तो कुणीतरी रेडियन मोडवर सोडलेला असू शकतो. १०० व्होल्टला `6 + j8` ओहमचा इम्पीडन्स जोडला, तर त्याचं पोलर रूप १० ओहम, ५३.१३ अंश; करंट १० अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.६ लॅगिंग, पॉवर ६०० वॅट. रेडियन मोडमध्ये ५३.१३ चं कोसाइन येतं उणे ०.९६. पॅसिव्ह सर्किटला उणे पॉवर फॅक्टर मिळूच शकत नाही, तरी घाईत असा आकडा उत्तरपत्रिकेत जाऊन बसतो. हॉलमध्ये बसल्यावर पहिल्यांदा ३० अंशांचं साइन काढायचं, ०.५ आलं तरच पुढे. बेरीज-वजाबाकी रेक्टँग्युलरमध्ये, गुणाकार-भागाकार पोलरमध्ये, आणि दोन्हींतून ये-जा कॅल्क्युलेटरच्या `Pol` आणि `Rec` बटणांनी. ही बटणं न पाहता दाबता येईपर्यंत रोज चार पॅरलल सर्किट सोडवावीत. शेवटी I²R ने पॉवर पडताळावी. इथे १०० गुणिले ६, ६०० वॅट.

तिसऱ्या आठवड्यात रेझोनन्स आणि टू-पोर्ट. सिरीज रेझोनन्ससाठी आकडे असे निवडावेत की डोक्यात राहतील: १० ओहम, ०.१ हेन्री, १० मायक्रोफॅराड, पुरवठा १० व्होल्ट. रेझोनन्स फ्रिक्वेन्सी येते १५९ हर्ट्झ, करंट १ अँपिअर, क्यू फॅक्टर १०, बँडविड्थ साधारण १६ हर्ट्झ. आणि कपॅसिटरवर किती व्होल्ट? शंभर. दहा व्होल्टचा पुरवठा असून शंभर! मुलं इथे आकडा चुकला समजून खोडतात. पण इंडक्टरवरही शंभरच व्होल्ट असतात, उलट दिशेने, त्यामुळे पुरवठ्याला दोघांपैकी काहीच जाणवत नाही. कर्व्ह काढताना दोन्ही अक्षांची नावं, मधली फ्रिक्वेन्सी आणि ०.७०७ ची रेघ राहिली तर आकृतीचे गुण अर्धे होतात.

टू-पोर्टमध्ये मुलं सगळे पॅरामीटर अलग अलग पाठ करायला जातात आणि ABCD मध्ये अडकतात. टी आकाराचं नेटवर्क घ्यावं: डावा हात २ ओहम, उजवा ३, मधला उभा ४. Z11 म्हणजे ६, Z22 म्हणजे ७, आणि Z12, Z21 दोन्ही ४. यातून ABCD येतात १.५, ६.५, ०.२५ आणि १.७५. A गुणिले D मधून B गुणिले C वजा केलं तर २.६२५ वजा १.६२५, बरोबर १. रेझिस्टरच्या नेटवर्कला हे उत्तर १ आलं नाही, तर कुठेतरी चूक आहे, इतकं नक्की.

ज्यांच्या अभ्यासक्रमात इनिशियल कंडिशन आहेत त्यांनी एक दिवस त्याला द्यावा. स्विच लावल्या क्षणी रिकामा कपॅसिटर शॉर्ट आणि इंडक्टर ओपन, बराच काळ गेला की दोघांचं उलट. एवढ्यावर दोन गुणांचे प्रश्न निघतात.

चौथ्या आठवड्यात वाचन बंद. एक दिवस पूर्ण पेपर, घड्याळ लावून, तीन तास सलग. दुसऱ्या दिवशी मॉडेल आन्सर शेजारी ठेवून स्वतःच तपासणी, पायरीनिशी गुण देत. असे तीन पेपर होतात आणि एक दिवस उरतो. तीन तासांत ७० गुण म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं: चार गुणांच्या उत्तराला दहा, सहाच्याला पंधरा. दहाव्या मिनिटाला समीकरणं मांडून झाली नसतील, तर जागा सोडून पुढे जायचं. तपासताना चुकांचे तीन ढीग करावेत: चिन्हाची, कॅल्क्युलेटरची आणि पद्धतच न सुचल्याची. पहिले दोन ढीग उरलेल्या दिवशी कमी करता येतात. तिसरा मोठा असेल, तर तो पहिल्या आठवड्यात पुरेशी सर्किटं सोडवली नाहीत एवढंच सांगतो.

हातात चारऐवजी दोनच आठवडे उरले असतील, तर पहिला आठवडा जसाच्या तसा ठेवावा, एसीला तीन दिवस द्यावेत, सिरीज रेझोनन्सला एक, आणि टू-पोर्टमधून फक्त Z पॅरामीटर करावेत. ABCD आणि h पॅरामीटर ऑप्शनला टाकायचे. उरलेल्या दोन दिवसांत एक पूर्ण पेपर आणि त्याची तपासणी बसते.